रिन्युअल कोट वाचताना विचारायचा प्रश्न: सात टक्के, पण कशावर?

सॉफ्टवेअरच्या रिन्युअलचा कोट आला की आधी तो बाजूला ठेवा. कोटमध्ये असतो तो व्हेंडरने मागितलेला भाव. तो भाव किती वाढवायचा हक्क त्याला आहे, हे गेल्या वेळी सही झालेल्या कागदांत लिहिलेलं असतं. "थोडं ताणून धरा, दहा टक्के सहज सुटतात" हा सल्ला परचेसमध्ये काम करताना मी इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. जो भाव मागायचा हक्कच नव्हता, त्यातून दहा टक्के सुटले तरी तुम्ही तोट्यातच राहता.

कागद काढा

चालू मुदतीचा सही झालेला ऑर्डर फॉर्म, त्यात उल्लेख असलेला मूळ करार आणि वर्षाच्या मध्ये लायसन्स वाढवली असतील तर त्यांचे फॉर्म, एवढं पुरतं. पीडीएफमध्ये `renew`, `notice`, `increase` आणि `then-current` हे चार शब्द शोधा. ऑर्डर फॉर्म आणि मूळ करार यांच्यात तफावत असेल तर कोणाचं चालणार हे करारातच दिलेलं असतं. बहुतेक वेळा ऑर्डर फॉर्मचं चालतं.

नोटिशीची शेवटची तारीख काढा

बहुतेक करार आपोआप पुढे चालू होतात. नको असेल तर मुदत संपण्याच्या अमुक दिवस आधी लेखी कळवावं लागतं. आपली मुदत 31 मार्च 2026 ला संपते आणि नोटीस 60 दिवसांची आहे असं धरा. लोक "दोन महिने आधी" म्हणून 31 जानेवारी लिहून ठेवतात. काहीजण कोटवरची 1 एप्रिल ही नव्या मुदतीची तारीख धरून मागे मोजतात, तेही 31 जानेवारीवरच येतात. दोघंही एक दिवस चुकतात, कारण 31 मार्चपासून 60 दिवस मागे गेलं की येते 30 जानेवारी. एका दिवसाच्या चुकीने वर्षभराचं बिल गळ्यात पडतं.

शिवाय नोटीस पाठवलेली चालते की पोचलेली लागते, हे वाचा. कित्येक करारांत ईमेल पुढच्या कामाच्या दिवशी पोचला असं धरतात आणि नोटिशीचा पत्ता वेगळा दिलेला असतो. अकाउंट मॅनेजरला टाकलेला मेल, मग त्याने कितीही आपुलकीने उत्तर दिलं तरी, नोटीस ठरत नाही. मी शेवटच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी, करारातल्याच पत्त्यावर पाठवतो आणि अकाउंट मॅनेजरला प्रत ठेवतो.

कोट स्वतःहून येईल याची वाट बघत बसू नका. तो पुष्कळदा मुदत संपायला महिना उरला असताना येतो, म्हणजे 60 दिवसांचं दार बंद झाल्यानंतर. 120 दिवस आधी, म्हणजे या उदाहरणात 1 डिसेंबरला, आपणच लेखी मागायचा.

आता खरी मेख: टक्के कशावर?

इथे मी स्वतः फसलोय, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

आकडे गोल करून सांगतो. 120 लायसन्स होती. लिस्ट प्राइस महिन्याला एका लायसन्समागे 3,000 रुपये, त्यावर 40 टक्के डिस्काउंट, म्हणजे आमचा निव्वळ दर 1,800. वर्षाचे 25,92,000, जीएसटी वेगळा. रिन्युअलच्या कोटवर दरवाढीची ओळ होती "अपलिफ्ट 7 टक्के". आमच्या करारात वाढीची कमाल मर्यादा, म्हणजे कॅप, तीही 7 टक्केच होती. मी मान डोलावली आणि फाइल पुढे सरकवली.

बेरीज होती 32,35,680. अकाउंट्समधल्या सहकाऱ्याने विचारलं, की सात टक्क्यांत साडेसहा लाख कसे वाढले? तेव्हा मी खालच्या ओळी उलगडल्या. लिस्ट प्राइस 3,000 ची 3,210 झाली होती, अगदी सात टक्के. पण डिस्काउंट गुपचूप 40 वरून 30 वर आला होता. निव्वळ दर झाला 2,247, म्हणजे जवळजवळ 25 टक्के वाढ. कोटवरचे सात टक्के खोटे नव्हते. ते लिस्ट प्राइसवर होते.

आमच्या करारातली कॅप मात्र मागच्या मुदतीत आम्ही प्रत्यक्ष दिलेल्या दरावर होती. तिच्याप्रमाणे दर 1,926 च्या वर जाऊ शकत नव्हता आणि वर्षाचं बिल 27,73,440 च्या वर. फरक 4,62,240 रुपयांचा. करारातल्या ओळीवर बोट ठेवून दोन वाक्यांचा मेल केला आणि कोट बदलून आला. घासाघीस करावीच लागली नाही.

म्हणून कोटवरची डिस्काउंटची टक्केवारी आणि अपलिफ्टची टक्केवारी दोन्ही झाकून ठेवा. नवा निव्वळ दर भागिले जुना निव्वळ दर, एका लायसन्सचा, एका महिन्याचा, जीएसटी वगळून, एवढंच गणित करा. डॉलरमधला करार असेल तर डॉलरमध्येच करा, कारण रुपया घसरल्याने वाढलेलं बिल कॅपखाली येत नाही आणि दोन्ही वाढी मिसळल्या की भांडायला मुद्दा उरत नाही.

मग कॅपचं वाक्य शब्द न् शब्द वाचा. "मागील मुदतीच्या निव्वळ फीवर जास्तीत जास्त 7 टक्के" ही खरी कॅप. "लिस्ट प्राइसवर जास्तीत जास्त 7 टक्के" ही नावाची कॅप, कारण डिस्काउंट काढून घेण्यावर तिचा काहीच लगाम नाही. "फी दर वर्षी 7 टक्क्यांनी वाढेल" ही कॅपच नाही, ती ठरलेली वाढ आहे. आणि "5 टक्के किंवा महागाई निर्देशांक, यांपैकी जे जास्त असेल ते" हे वाचून पाचाचा दिलासा घेऊ नका. पाच हा तिथे तळ आहे, वरची मर्यादा कुठेच नाही. `then-current` हा शब्द दरांच्या संदर्भात सापडला आणि कॅप कुठेच नसेल, तर रिन्युअलच्या दिवशीचा चालू लिस्ट प्राइस लागू होतो. पहिल्या वर्षी "खास सवलत" म्हणून दिलेल्या दरांना हेच कलम चिकटवलेलं असतं.

लायसन्स कमी करायच्या आधी हे वाचा

दुसऱ्या एका वर्षी वापराचा अहवाल काढला तर 120 पैकी 25 लायसन्स पडून होती. मी उत्साहाने 95 चा कोट मागवला, साहेबांना बचतीचा आकडाही सांगून बसलो: 1,926 च्या दराने 95 लायसन्स म्हणजे 21,95,640, पावणेसहा लाख वाचणार. कोट आला 36,59,400 चा. कमी लायसन्स आणि जास्त पैसे! कारण मूळ करारात एक ओळ होती: संख्या किंवा मुदत घटली तर मागचे दर विचारात न घेता नव्याने दर ठरवले जातील. डिस्काउंट गेला, कॅप गेली, उरला 3,210 चा लिस्ट प्राइस. तोवर नोटिशीची तारीख उलटून गेली होती, त्यामुळे सोडून जाण्याची भीतीही घालता येत नव्हती. शेवटी कपातीचा मेल मागे घेतला आणि 25 रिकाम्या लायसन्सचे 5,77,800 रुपये भरले. साहेबांसमोर तो आकडा घेऊन जाणं मला अजून आठवतं.

तेव्हापासून मी नेहमी तीन बेरजा मांडतो: तेवढीच संख्या कॅपच्या दराने, घटवलेली संख्या कॅपच्या दराने आणि घटवलेली संख्या लिस्ट प्राइसने. तिसरी पहिलीपेक्षा मोठी निघाली तर कपातीचा शब्दही लेखी काढायचा नाही; आधी हे कलम आपल्याला लागू आहे का ते बघायचं आणि असेल तर नोटिशीच्या तारखेआधी, दर कायम ठेवून कपात, अशी वाटाघाट करायची. उत्पादनाचं नाव किंवा पॅकेज बदलून आलं असेल तरी असंच सावध व्हा. जुन्या नावाच्या ओळीला असलेली कॅप नव्या नावाला आपोआप लागत नाही.

नोटीस द्यायची की नाही

"सुरक्षिततेसाठी दर वर्षी नोटीस टाकून द्या" हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. नोटीस दिली की आपोआप होणारं रिन्युअल थांबतं, पण कॅप पुष्कळदा रिन्युअललाच असते. पुढे होईल तो नवा करार, असं व्हेंडर म्हणू शकतो आणि मग जुनी कॅप हातची जाते. तुमचा दर चांगला असेल, कॅप निव्वळ दरावर असेल आणि सॉफ्टवेअर सोडायचं नसेल, तर नोटीस देऊ नका. ठरल्या दरानेच रिन्युअल होणार असं लेखी कळवा. दर वाईट असेल, कॅप नसेल किंवा लायसन्स खरंच घटवायची असतील, तर नोटीस द्याच. तीत करार क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि "आपोआप नूतनीकरण नको" एवढं स्पष्ट लिहा, नव्या अटींवर बोलायला तयार आहोत हे पुढच्या वाक्यात. त्याच दिवसापासून डेटा बाहेर काढायची तयारीही सुरू करा, कारण मुदत संपल्यावर तो काढायला किती दिवस मिळतात हे करारावर असतं.

सही करण्याआधी

नवा कोट बहुतेक वेळा पुढचा ऑर्डर फॉर्मच असतो आणि त्याच्या तळाशी बारीक टाइपात अटी असतात. तिथे 60 दिवसांचे 90 झालेत का, मूळ कराराची लिंक नव्या आवृत्तीकडे जाते का, कॅप गायब आहे का, हे जुन्या फॉर्मशी ओळीला ओळ लावून बघा. तीन वर्षांचा करार देत असतील तर वाढ चक्रवाढ असते: 1,800 वर दर वर्षी सात टक्के म्हणजे तिसऱ्या वाढीनंतर 2,205, साडेबावीस टक्के. मी फॉर्ममध्येच लिहून घेतो की कॅप निव्वळ दरावर, प्रत्येक रिन्युअलला, संख्या 20 टक्क्यांपर्यंत घटली तरी आणि उत्पादनाचं नाव बदललं तरी लागू राहील. मेलमधलं आश्वासन यासाठी चालत नाही. करारात बहुधा असतंच की फॉर्मबाहेरचं काहीही धरलं जाणार नाही.