३५ सेकंदांत पोचपावती: ट्रान्सपोर्टच्या सॉफ्टवेअरचा शॉर्ट कसा बांधावा

लॉजिस्टिक्स सॉफ्टवेअरचे शॉर्ट्स बनवायला घेतले की कंपनी आधी फीचर्सची यादी हातात ठेवते. ती बाजूला ठेवा आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंग बघणाऱ्या माणसाशेजारी एक सकाळ बसा. तो दिवसभर फोनवर काय विचारत असतो? बहुतेक वेळा एकच: "पोच कुठाय?" माल उतरलेला असतो, पण सही-शिक्क्याची पोचपावती गाडीच्या केबिनमध्ये आणि गाडी पुढच्या फेरीला. पोच हाती नाही तोवर बिल निघत नाही, आणि डिझेलचे पैसे तर मालकाने आधीच भरलेले असतात. शॉर्ट या एकाच दुखण्यावर करायचा.

माझी मांडणी साधारण ३५ सेकंदांची असते. पहिल्या तीन सेकंदांत फोनवरचा क्लार्क आणि ठळक अक्षरांत 'माल पोचला, बिल अडकलं'. पुढची पाच-सहा सेकंदं केबिनमध्ये पडलेल्या पावतीला. मग सर्वात जास्त वेळ ड्रायव्हरला: सही झाली, तिथेच फोटो काढला, फोटो त्या फेरीला जोडला गेला. त्यानंतर ऑफिसच्या स्क्रीनवर 'पोच बाकी'चं 'पोच आली' होतं आणि बिल निघतं. शेवटी नाव आणि नंबर, बस.

ड्रायव्हरला इतका वेळ देण्याचं कारण आहे. "आमचा ड्रायव्हर हे करेल का?" ही मालकाची पहिली शंका आणि "नेटवर्क नसेल तर?" ही दुसरी. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकून एक शॉट घ्या: फोटो फोनमध्येच थांबला, नेटवर्क आल्यावर आपोआप वर गेला. ॲपला हे जमत नसेल तर शॉट नकली बनवू नका, डेमोत पहिल्याच मिनिटाला उघडं पडतं. पावतीवर '२ पेट्या ओल्या' असा शेराही लिहून घ्या आणि त्यावर झूम करा. नुकसानीची कपात अशाच शेऱ्यावरून होते. तो फोटोत वाचता आला, की हे दाखवणाऱ्याला धंदा कळतो, हे मालकाच्या लक्षात येतं.

कॉम्प्युटरची आडवी स्क्रीन उभ्या फ्रेममध्ये जशीच्या तशी बसवली तर अक्षरं मुंगीएवढी होतात. एकच ओळ कापून मोठी करा. डेमोचा डेटा खरा वाटेल असा भरा, पण कुणा ग्राहकाचं नाव किंवा नंबर दिसता कामा नये.

'कागद संपला' असं मात्र लिहू नका. काही ग्राहक मूळ पावती मिळाल्याशिवाय पैसे सोडत नाहीत, आणि हे मालकाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. 'पोच त्याच दिवशी ऑफिसात' एवढाच दावा टिकतो.

पोस्ट करण्याआधी आवाज बंद करून एखाद्या बिलिंग क्लार्कला दाखवा आणि या सॉफ्टवेअरने कोणतं काम सोपं होतं ते विचारा. उत्तर "गाडीचं ट्रॅकिंग" आलं, तर नकाशाचा एखादा शॉट कुठेतरी घुसलाय. तो काढून टाका.