आधी बनियन काढा, मग थर्मल घाला

टोरांटोच्या पहिल्या हिवाळ्यात बहुतेक जण पैसे जॅकेटवर घालतात. तीनशे-चारशे डॉलरचं जाडजूड जॅकेट येतं, आणि आत मात्र गावाकडून आणलेलं सुती बनियन, त्यावर सुती इनर, त्यावर शर्ट असा थाट असतो. मग जानेवारीत बसस्टॉपवर उभं राहिलं की पाठीतून कळ येते आणि दोष जॅकेटला दिला जातो. खरा दोष अंगाला चिकटलेल्या पहिल्या कपड्याचा असतो.

इथल्या थंडीचा स्वभाव आधी समजून घ्या. टोरांटोत जानेवारीतल्या पहाटे पारा साधारण उणे सातपर्यंत उतरतो आणि थंडीची लाट आली की उणे पंधरा-वीसही होतो. उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर हवामानखात्याच्या विंडचिल कोष्टकाप्रमाणे उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. पण दिवसभर तुम्ही या थंडीत नसता. घर, बस, सबवे, ऑफिस सगळीकडे हीटिंग चालू असतं. शहरातल्या माणसाचा हिवाळा म्हणजे उणे दहा आणि अधिक बावीस यांच्यात दिवसातून दहा वेळा ये-जा. या ये-जा करण्यात जॅकेटच्या आत घाम येतो, आणि त्या घामाचं काय होतं यावर तुमचा दिवस ठरतो.

एक नेहमीची सकाळ घेऊ. मिसिसागातल्या बेसमेंटमधून सात वाजता निघालात. पाठीवर लॅपटॉप आणि डबा असलेली सॅक, रस्त्यावर बर्फ, बारा मिनिटं झपाझप चालणं. स्टॉपवर पोचेपर्यंत पाठ ओलसर झालेली असते, पण चालण्याच्या उबेत ते कळत नाही. बसमध्ये कुबट गरमी, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, किपलिंग स्टेशन येईपर्यंत अर्धा तास. आता बनियन चांगलंच भिजलं. सबवेतून उतरून दुसऱ्या बससाठी उघड्यावर दहा मिनिटं थांबलात की हुडहुडी भरते.

हे का होतं याचा हिशेब सोपा आहे. समजा सुती कपड्याने ६० ग्रॅम घाम धरून ठेवला, म्हणजे चार मोठे चमचे. एक ग्रॅम घाम सुकायला सुमारे २४०० जूल उष्णता लागते, म्हणजे एकूण १ लाख ४४ हजार जूल. स्वस्थ उभ्या माणसाचं शरीर सेकंदाला साधारण १०० जूल उष्णता तयार करतं. म्हणजे तेवढा घाम सुकवायला शरीराची चोवीस मिनिटांची सगळी कमाई खर्ची पडते. प्रत्यक्षात थोडी उष्णता भोवतालच्या हवेतूनही मिळते, पण बराचसा भार तुमच्यावरच येतो. शिवाय कपड्याच्या धाग्यांमध्ये एरवी हवा असते, तिथे आता पाणी भरलेलं असतं, आणि पाणी हवेच्या वीसेक पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ऊब धरून ठेवते ती हवा. ती गेली की जॅकेट कितीही महाग असो.

सुती धागा पाणी पितो आणि फुगतो, मऊ पडतो, अंगाला चिकटतो. पंचा म्हणून तो उत्तम आहे तो याच गुणामुळे. कोकणातल्या उकाड्यात ओलं बनियन अंग गार करतं म्हणून बरं वाटतं. इथेही ते नेमकं तेच काम इमानदारीने करतं.

पॉलिस्टरचं उलट आहे. त्याचा धागा स्वतः जवळपास पाणी पीतच नाही, वजनाच्या एक टक्काही नाही. घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरत वरच्या थरापर्यंत जातो आणि लवकर सुकतो. म्हणून ज्याला सतत आणि खूप घाम येतो त्याच्यासाठी हाच कपडा: वेअरहाऊसमध्ये पेट्या उचलणं, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ फावड्याने काढणं, सायकलवरून डिलिव्हरी करणं. रोज धुवा, रात्री वाळत टाका, सकाळी तयार. खोट दोन ठिकाणी आहे. पहिली, घाम एकदम आला की तो क्षणभर त्वचेवर चिकचिकत राहतो. दुसरी वासाची. पॉलिस्टरला तेलाचं फार प्रेम. अंगाचा तेलकट घाम त्यात मुरतो आणि धुऊनही वास पुरता जात नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद असलेल्या घरात फोडणी दिली की तिचा वासही याच कपड्यात घर करतो. थर्मल स्वयंपाकघराजवळच्या खुंटीवर टांगू नका, कपाटात ठेवा. गॅसशी उभं राहताना तर तो अंगात नकोच, कारण पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं.

लोकर, आणि इथे लोकर म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर, या दोघांपेक्षा वेगळ्या रीतीने वागते. त्वचेवरचा घाम वाफ होऊन कपड्यात येतो, तिथे त्याचं पुन्हा पाणी होण्याआधीच लोकरीचा धागा ती वाफ पोटात घेतो. पूर्ण दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ सामावू शकतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. दोनशे ग्रॅमच्या बनियनात त्यामुळे बराच घाम बेमालूम मावतो. वाफ शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते, म्हणून उबदार घरातून एकदम दमट थंडीत गेल्यावर पहिली काही मिनिटं सुखाची जातात. हा घामही पुढे सुकावा लागतोच, पण तो सावकाश, तास-दोन तासांत सुकतो, त्यामुळे अंगाला झटका बसत नाही. बस, सबवे, ऑफिस अशा थांबत-थांबत चालणाऱ्या दिवसाला म्हणूनच मेरिनो बरी. वासही कमी धरते. दोन-तीन दिवस घालून रात्री हवेशीर टांगली तर चालतं.

पण तिलाही मर्यादा आहे. तासभर जोरात बर्फ उपसून ती पूर्ण भिजली तर पॉलिस्टरपेक्षा कितीतरी हळू वाळते आणि जड होऊन लोंबते. अंगमेहनतीच्या कामाला ती घेऊन जाणं म्हणजे पैसे वाया.

टोचेल या भीतीने बरेच जण लोकर टाळतात, कारण डोळ्यांसमोर काकूंनी विणलेला स्वेटर असतो. टोचणं धाग्याच्या जाडीवर असतं. ही जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण ३० मायक्रॉनहून जाड धागे कातडीला बोचतात. अंगालगतच्या मेरिनोचे १७ ते १९ मायक्रॉनचे असतात आणि त्वचेला लागताच वाकतात. दुकानात कपडा हाताच्या तळव्यावर घासून काही कळत नाही. मानेच्या बाजूला मिनिटभर धरा. दुसरा आकडा वजनाचा, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम. ऑफिस आणि बसच्या दिवसाला १५० ते २०० पुरे. २५० चा कपडा बसमध्ये घामाघूम करतो, तो बाहेर बराच वेळ उभं राहणाऱ्यांसाठी. अगदी पातळ १५० ची शुद्ध लोकर सॅकच्या पट्ट्याखाली आणि कंबरपट्ट्याशी लवकर विरते, भोकं पडतात. थोडं नायलॉन मिसळलेली घेतली तर जास्त टिकते आणि गुणात फारसा फरक पडत नाही.

लेबल वाचायची सवय लावा, कारण फसगत इथेच होते. कॅनडात कपड्यावर धाग्यांची टक्केवारी लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. पुढे मोठ्या अक्षरांत ‘थर्मल’ छापलेलं असतं आणि आतल्या शिवणीवर साठ टक्के कॉटन निघतं. चौकटी-चौकटीच्या विणीचे स्वस्त थर्मल बहुधा असेच. इंग्रजी भाग फाटला असेल तर फ्रेंच शब्द शोधा: ‘लेन’ म्हणजे लोकर, ‘कोतों’ म्हणजे कापूस. बांबूच्या नावाने विकला जाणारा मऊ कपडा म्हणजे बहुतेकदा रेयॉन, आणि भिजल्यावर तो सुती कपड्याच्याच वळणाने जातो. भारतातून आणलेले आतून लव असलेले इनर बरेचदा सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे असतात. ते फेकू नका. रात्री झोपताना किंवा गाडीतून दारापासून दारापर्यंत जाताना ठीक आहेत. चालायच्या दिवशी नकोत.

आता बनियनचं. लोकरीच्या थर्मलखाली सवयीने सुती बनियन घातलं की शंभर डॉलरची लोकर फुकट गेली. घाम आधी बनियनात अडकतो, तिथेच थंड होतो, लोकरीपर्यंत पोचतच नाही. पहिला थर थेट कातडीला लागलेला हवा. हेच ब्रा आणि अंडरवेअरलाही लागू, आणि मोज्यांना तर सर्वात जास्त, कारण बुटातला घाम बाहेर पडायला वाटच नसते. सुती कपडा वर्ज्य नाही, फक्त त्याची जागा बदला. थर्मलच्या वर ऑफिसचा सुती शर्ट खुशाल घाला, तिथे तो थोडा ओला झाला तरी कातडीला लागत नाही.

मापाबद्दल एवढंच: कपडा अंगाला लागून असावा पण आवळू नये, हात वर केले तरी पँटमध्ये खोचलेला राहील इतका लांब असावा. वाऱ्याला तो अडवत नाही, ते काम जॅकेटचं.

पहिल्या हिवाळ्याला किती घ्यायचं? बसने ऑफिसला जाणाऱ्याने मेरिनोचे दोन टॉप, मेरिनोचे तीन-चार जोड मोजे, आणि पायांसाठी पॉलिस्टरची एक-दोन साधी लेगिंग. मांड्यांना पाठीइतका घाम येत नाही, तिथे महाग लोकर लागत नाही. वेअरहाऊसवाल्याने पॉलिस्टरचे तीन टॉप घ्यावेत आणि एक कोरडा टॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकमध्ये ठेवावा. शिफ्ट संपली की आधी तो बदलायचा, मग बाहेर पडायचं.

आपला कपडा नीट काम करतोय का हे बघायची रीत: कामावर पोचल्यावर दहा मिनिटांनी हात मागे नेऊन दोन खांद्यांच्या मधोमध थर्मलच्या आतून चाचपा. कोमट आणि कोरडं किंवा किंचित दमट असेल तर ठीक. गार ओलं लागलं तर कपडा चुकलाय, किंवा तुम्ही फार गुंडाळून निघताय. दुसरी शक्यता आधी तपासा. घरातून निघताना पहिली पाच मिनिटं थोडी थंडी वाजलीच पाहिजे. बसमध्ये चढताक्षणी चेन खाली, टोपी काढून खिशात. घाम आलाच नाही तर सुकवायचाही प्रश्न नाही.

धुण्यात लोकर मरते ती उष्णता आणि घुसळण एकत्र आल्यामुळे: धाग्यांवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून लहान मुलाच्या मापाचा होतो. गार पाण्यात, हलक्या सायकलवर, लोकरीच्या साबणाने धुवा. ब्लीचचा थेंबही नको, ते लोकर विरघळवतं. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवं पसरा. ड्रायरमध्ये नाही. पॉलिस्टर ड्रायरच्या मंद आचेवर चालतं, पण फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा मेणचट थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरेनासा होतो. एप्रिलमध्ये लोकर ठेवून देताना आधी धुवा, मग घट्ट झिपच्या पिशवीत बंद करा. घामाचे डाग राहिलेल्या लोकरीवर कसर हटकून येते, आणि ती भोकं नोव्हेंबरमध्ये पिशवी उघडल्यावरच दिसतात.