पत्ता तीस अक्षरांत बसवताना या चुका टाळा

माझ्याकडे फॉर्म भरायला येणारी पोट्टी पत्त्याच्या रकान्यावर आली की हात सैल सोडतात. घरी बोलतात तसा सगळा पत्ता टाकायचा, मग जागा संपली की संपली. ओळ तीस अक्षरांची आहे, हे त्यांना पत्र परत आल्यावर कळतं. आपल्याकडचे बरेच फॉर्म इंग्रजी अक्षरंच घेतात, आणि त्यात मोकळी जागा, स्वल्पविराम, टिंब हेही एकेक अक्षर धरलं जातं.

हिंगणघाट तालुक्यातल्या माझ्या मावशीचं एटीएम कार्ड असंच परत गेलं. गावांची नावं इथं बदलतो. माझ्या मावसभावाने घाईघाईत तीन ओळी टाकल्या. फॉर्मने टाइप करू दिलं, पण जतन करताना तिसाव्या अक्षरापुढचं गुपचूप कापलं. पाकिटावर हे छापून आलं:

```
House No 112, Ward No 2, Near
Behind ZP School, At Pimpalgao
Tal Hinganghat Dist Wardha
```

पहिल्या ओळीतलं हनुमान मंदिर गेलं, त्याचं काही नाही. दुसऱ्या ओळीत गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर गेलं आणि त्यापुढचं Post Wadgaon अख्खंच गेलं. खरा घोळ इथं झाला. पिंपळगाव तर तालुक्यात एकाहून जास्त असू शकतात. त्यात भावाने पिन टाकला तो तालुक्याचा, 442301, कारण तो पाठ होता. कार्ड हिंगणघाटला पोहोचलं, तिथं कोणतं पिंपळगाव ते ठरेना, आणि ट्रॅकिंगमध्ये अपुरा पत्ता असा शेरा दिसला. मावशी म्हणे, ‘अरे, शाळेमागचं घर कोणालाही विचार ना!’ पण मावशी, जिल्हा परिषदेची शाळा प्रत्येक गावाला आहे.

आता मी तिचा पत्ता असा लिहितो:

```
At Pimpalgaon Po Wadgaon
Nr Hanuman Mandir, Ward 2
Tal Hinganghat Dist Wardha
```

चोवीस, पंचवीस आणि सव्वीस अक्षरं. गाव आणि पोस्ट पहिल्याच ओळीत, एकमेकांना चिकटून. मोठ्या शहरात आधी घर, मग गल्ली, मग गाव असं लिहितात, पण आपल्या खेड्यात घर क्रमांकाने कोणी कोणाला ओळखत नाही. कात्री लागलीच तर ती खुणेला लागावी, गावाला नाही. तालुका-जिल्ह्याचे रकाने वेगळे असले तर तिसरी ओळ मोकळी सोडतो. पिन तर ओळीत कधीच लिहीत नाही, त्याला स्वतःचा रकाना असतो.

‘मु.पो.’ हे एकत्र लिहिणं फक्त गावातच पोस्ट असेल तर बरोबर. नाही तर मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अर्धे लोक ‘मु.पो. पिंपळगाव’ सांगतात आणि पोस्ट भलत्याच गावी निघतं.

पिनची चूक तर रोजचीच. शेवटचे तीन अंक वाटप करणारं पोस्ट सांगतात. खेड्यातलं शाखा पोस्ट ज्या उपडाकघराखाली येतं, त्याचाच पिन त्या गावांना लागतो, त्यामुळे एका पिनखाली अनेक गावं असतात. पिन बरोबर असूनही पोस्टाचं नाव लागतं ते यासाठीच. आणि जिल्ह्यावरून अंदाज बांधू नका. बुलडाणा 443001 आहे, पण त्याच जिल्ह्यातलं खामगाव 444303. चंद्रपूर 442401, तर त्याच जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी 441206. माझी सवय म्हणजे घरी नीट पोहोचलेलं जुनं पाकीट मागवायचं आणि त्यावरचा पिन उतरवायचा. पाकीट नसेल तर डाक विभागाच्या साइटवर पोस्टाच्या नावाने शोधायचा. शेजाऱ्याला विचारलेला पिन मी घेत नाही.

खूण एकच द्या आणि ती हलणारी नको. ‘पानठेल्याजवळ’ लिहिलेल्या एका पत्त्यातला ठेला दुसऱ्याच वर्षी बसस्टँडवर गेला. देऊळ, विहीर, ग्रामपंचायत चालेल. पत्र आणणारा डाकसेवक तर नावावरूनच घर ओळखतो, म्हणून नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही पूर्ण असू द्या. खूण लागते ती कुरिअरवाल्याला.

काही फॉर्म मराठीत घेतात. तिथं काना, मात्रा, हलंतही मोजला जातो, ‘मुक्काम’ची सात अक्षरं होतात. म्हणून ‘मु.’ लिहा. तसंच / ही तिरकी रेघ आणि # हे चिन्ह टाकू नका, काही फॉर्म त्यावर अडतात.

सबमिट दाबण्याआधी प्रीव्ह्यू उघडून प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर बघायचं. ‘काका, ओके करा ना, उशीर होतो’ म्हणणाऱ्याला मी बाकावर बसवतो. मावशीचं दुसरं कार्ड आलं तेव्हा डाकसेवकाने दारात पाकीट दाखवून विचारलं, ‘या वेळेस पोस्ट लिहिलं म्हणायचं?’