कॅनडात ऑनलाइन पदवी कुठे चालते, कुठे अडते

इथे नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "ऑनलाइन पदवी चालते ना?" नोकरीसाठी बहुतेक वेळा चालते. व्हिसासाठी मात्र ती घेताना तुम्ही कुठे राहत होतात, यावर बरंच अवलंबून असतं.

समजा, दोन अविवाहित मुलींनी एकाच कॅनेडियन विद्यापीठातून एकच दोन वर्षांचं मास्टर्स केलं. एक इथे येऊन वर्गात शिकली, दुसरी मायदेशात राहून ऑनलाइन. कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या एक्स्प्रेस एंट्रीत मास्टर्सचे १३५ गुण दोघींनाही मिळतात. कॅनडातल्या शिक्षणाचे जादा ३० गुण मात्र पहिलीलाच, कारण त्यासाठी किमान ८ महिने प्रत्यक्ष इथे राहून पूर्णवेळ शिकावं लागतं. शिवाय बाकीच्या अटी पूर्ण असतील तर पहिलीला तीन वर्षांपर्यंतचं पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळतं आणि त्यावर वर्षभर कुशल काम केलं की आणखी ४० गुण. संपूर्ण दूरस्थ अभ्यासक्रमावर हे परमिट मिळतच नाही. मला ३० गुणांपेक्षा हे नुकसान मोठं वाटतं, कारण इथला अनुभव मिळवायची वाटच बंद होते.

कंपन्यांचं वेगळं. पडताळणी करणारे विद्यापीठाकडून पदवी आणि तारखा तपासून घेतात, आणि कित्येक विद्यापीठांच्या प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' असा शब्दही नसतो. तीन-चार वर्षांचा चांगला अनुभव असेल तर पदवी कशी घेतली हे सहसा कोणी विचारत नाही. नर्सिंगसारख्या परवाना लागणाऱ्या व्यवसायात मात्र प्रात्यक्षिकाचे तास मोजले जातात. तिथे नोकरी देणाऱ्याच्या आधी परवाना मंडळाला विचारा.

इथे येऊन शिकणाऱ्यांनीही गाफील राहू नये. पार्ट-टाइम काम जमावं म्हणून मुलं एकेक विषय ऑनलाइन घेत जातात. अभ्यासक्रमाचा निम्म्याहून जास्त भाग ऑनलाइन झाला तर वर्क परमिट जातं, आणि हे बऱ्याचदा शेवटच्या सत्रात कळतं. म्हणून दर सत्राला नावनोंदणी करतानाच प्रत्येक विषयापुढे 'इन-पर्सन' लिहिलंय का ते बघा. शंका असेल तर रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासन अर्जाला जोडता येत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. पदवी कॅनेडियन आहे म्हणून फॉर्ममध्ये 'कॅनडात राहून शिकलो' असं टाकायला सांगणारे सल्लागार भेटतात. त्याच फॉर्ममध्ये राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्यांचा इतिहासही भरावा लागतो, त्यामुळे विसंगती लगेच दिसते. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. अर्ज सल्लागाराने भरला तरी जबाबदारी तुमचीच राहते, तेव्हा पाठवण्याआधी तो स्वतः शेवटपर्यंत वाचा.