तळ्याच्या गाळातील चुंबकी जिवाणू घरी कसे गोळा करावेत आणि नेमके कसे ओळखावेत

पाषाण तलावाच्या काठावरचा गाळ पाण्यासह काचेच्या बरणीत भरला आणि गाळाला लागून बाहेरून चुंबक टेकवला, तर काचेच्या आतल्या बाजूस थोड्याच वेळात काळपट ठिपका जमतो. तो पाहून चुंबकी जिवाणू मिळाले असे समजणे ही पुण्यात हमखास होणारी चूक आहे. आपल्याकडची माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली असल्यामुळे तिच्यात लोहयुक्त चुंबकी खनिजांचे बारीक कण मुळातच असतात आणि ते कोणत्याही चुंबकाकडे ओढले जातात. मीही सुरुवातीला असा ठिपका दोन दिवस जपून ठेवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यात निव्वळ खडे निघाले. म्हणून पुढील कृतीचा बराचसा भाग गोळा करण्याइतकाच खडे आणि जिवाणू वेगळे ओळखण्याविषयी आहे.

हे जिवाणू चुंबकाकडे ओढले जात नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. त्यांच्या पेशीत मॅग्नेटाइट या खनिजाचे, प्रत्येकी साधारण 35 ते 120 नॅनोमीटरचे स्फटिक असतात. प्रत्येक स्फटिक स्वतःच्या पातळ पडद्यात गुंडाळलेला असतो; या पडद्यासहित कणाला मॅग्नेटोसोम म्हणतात. असे कण एका ओळीत लागून माळ तयार होते आणि ती होकायंत्राच्या सुईसारखी साऱ्या पेशीला चुंबकीय रेषेत वळवते. पुढे जाण्याचे काम मात्र पेशी स्वतःच्या कशाभिकेने, म्हणजे शेपटीसारख्या धाग्याने पोहून करते.

एकच मोठा कण न करता माळ का करावी, हे एका हिशेबातून स्पष्ट होते. फार मोठ्या स्फटिकात वेगवेगळ्या दिशांचे चुंबकी विभाग पडतात आणि त्याचे बळ घटते. फार लहान स्फटिकाची चुंबकी दिशा उष्णतेच्या हालचालीने टिकत नाही. त्यामुळे मधल्या आकाराचे अनेक कण ओळीने लावणे हाच मार्ग उरतो. 50 नॅनोमीटरचे 5 कण असतील, तर पृथ्वीच्या क्षेत्रातील त्यांची चुंबकी ऊर्जा पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांच्या ऊर्जेच्या जेमतेम तिप्पट भरते आणि पेशी सतत भरकटते. पोहलेल्या अंतरापैकी सुमारे 68 टक्केच रेषेच्या दिशेने कारणी लागते. तेच 20 कण असतील, तर ऊर्जा सुमारे 12 पट होते आणि 92 टक्के अंतर कारणी लागते.

आता पुण्यातील रेषेचा उतार मोजावा. मोबाइलमध्ये चुंबकमापक दाखवणारे ॲप असल्यास सळ्या आणि वाहनांपासून दूर, मैदानात फोन सपाट, वरचे टोक उत्तरेकडे करून धरावा. उभ्या दिशेचा आकडा, चिन्ह सोडून, साधारण 20 मायक्रोटेस्ला आणि आडव्या दिशेचा साधारण 39 येतो. म्हणजे येथील चुंबकीय रेषा उत्तरेकडे जाताना जमिनीत सुमारे 27 अंशांनी उतरते. उत्तर गोलार्धातील बहुतेक चुंबकी जिवाणू उत्तरेकडे पोहतात, त्यामुळे ते आपोआप खाली जातात. दक्षिण गोलार्धात, उदाहरणार्थ न्यूझीलंडमध्ये, दक्षिणेकडे पोहणारे अधिक सापडतात, कारण तिथे त्या दिशेला उतार आहे. पुण्यात हा उतार मंद आहे. सेकंदाला 50 मायक्रोमीटर पोहणाऱ्या पेशीला सरळ खाली 1 मिलिमीटर जायला 20 सेकंद लागतील, तर आपल्या तिरप्या रेषेवरून सुमारे 44 सेकंद लागतात. तरीही फायदा आहे, कारण भरपूर ऑक्सिजनचे पाणी आणि ऑक्सिजन नसलेला गाळ यांच्या सीमेवरचा अरुंद पट्टा त्यांना हवा असतो आणि तो शोधताना चहूबाजूंनी भटकण्याऐवजी एकाच रेषेवर पुढे-मागे करणे पुरते. त्या रेषेवर कुठे थांबायचे, हे ऑक्सिजनची जाणीव ठरवते, चुंबक नव्हे.

गाळ घेताना पावसाने नुकता ढवळलेला काठ टाळावा. हातमोजे घालून, संथ आणि उथळ जागेतील गाळाचा वरचा काही सेंटिमीटरचा थर तिथल्याच पाण्यासह रुंद तोंडाच्या बरणीत घ्यावा. बरणीचा तिसरा हिस्सा गाळाने आणि उरलेला बहुतेक भाग पाण्याने भरावा, वर थोडी हवा ठेवावी, झाकण सैल लावावे आणि बरणी मंद उजेडात न हलवता दोन-तीन आठवडे राहू द्यावी. या काळात गाळाचे थर पुन्हा बसतात आणि हे जिवाणू पुष्कळदा वाढतात. बरणी उचलून पाहण्याचा मोह आवरावा. एका हिसक्यात सीमा मोडते.

चुंबकाचे ध्रुव नक्की करणे ही पुढची पायरी आहे आणि इथे गफलत झाली तर सगळे फुकट जाते. पट्टीचुंबक दोऱ्याने आडवा टांगावा. स्थिरावल्यावर उत्तरेकडे राहणारे टोक त्याचा उत्तर ध्रुव. दुसऱ्या टोकाला खडूने खूण करावी, कारण आपल्याला ते दक्षिण ध्रुवाचे टोक हवे आहे. चुंबकीय रेषा चुंबकाच्या दक्षिण ध्रुवात शिरतात आणि आपले जिवाणू रेषेच्या दिशेने पोहतात. खूण केलेले टोक गाळापासून सुमारे 1 सेंटिमीटर वर, काचेला बाहेरून टेकवून तासभर ठेवावे. नंतर ड्रॉपरने काचेच्या आतील त्याच जागेजवळचे पाणी हळूच ओढावे, गाळाला स्पर्श होऊ देऊ नये.

या पाण्याचा एक लहान थेंब कव्हरस्लिपवर ठेवून ती झटकन उलटी करावी आणि स्लाइडवर ठेवलेल्या रबरी वॉशरवर टेकवावी, म्हणजे थेंब खाली लोंबकळत राहतो. वॉशरला दोन्ही बाजूंनी व्हॅसलिन लावावे. हे न केल्यास थेंब कडेने सुकतो, सुकताना पाण्याचा प्रवाह कडेकडे वाहतो आणि त्याबरोबर सगळेच कण कडेला जमतात. नवख्या माणसाला तो चुंबकाचा परिणाम वाटतो. खूण केलेले टोक थेंबापासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवावे, दहा मिनिटे थांबावे आणि आधी 10 पट वस्तुभिंगाने थेंबाची त्या बाजूची कड शोधून मग 40 पट लावावे. पेशी रंगवलेल्या नसल्यामुळे कंडेन्सरचा पडदा बराचसा मिटावा, नाहीतर त्या झगझगाटात दिसत नाहीत.

जिवाणू असतील, तर कडेशी बारीक, बहुधा गोलसर पेशी दाटीने थरथरताना दिसतात. थेंबात ऑक्सिजन सर्वत्र असल्यामुळे त्या अजून खोल जायचे आहे अशा रीतीने एकाच दिशेने पोहत राहतात. आता डोळा भिंगाला लावूनच चुंबक फिरवून उलट टोक थेंबाकडे करावे. पेशी साधारण सेकंदभरात इंग्रजी U आकाराचे वळण घेतात आणि झुंडीने कडेपासून दूर निघून जातात. बेसाल्टचे खडे असे करत नाहीत. दोन्ही ध्रुव त्यांना सारखेच ओढतात, त्यामुळे ते फार तर जागच्या जागी उलटे होतात आणि त्याच कडेला राहतात. चुंबकाची दखलच न घेता इकडेतिकडे पोहणारे जिवाणूही दिसतील, ते सामान्य होत.

कडेला काहीच न दिसल्यास समोरची कडही तपासावी, कारण उत्तर गोलार्धातही क्वचित दक्षिणेकडे पोहणारे सापडतात. तिथेही नसतील, तर बरणी आणखी काही आठवडे ठेवावी किंवा दुसऱ्या जागेचा गाळ घ्यावा.

थेंब बराच वेळ पाहत राहिल्यास पोहणे मंदावते आणि थांबते. त्यानंतरही चुंबक फिरवून पाहावा: किंचित लांबट पेशी असतील, तर त्या निर्जीव अवस्थेतही चुंबकाबरोबर सावकाश वळतात, फक्त पुढे सरकत नाहीत.