बेदाणा थेट ग्राहकाला विकताय? या चुका टाळा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातली बरीच बेदाणा उत्पादक घरं आता सगळा माल सौद्याला लावत नाहीत. थोडे बॉक्स मागे ठेवतात आणि व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्रामवरून पुण्या-मुंबईच्या घरांना विकतात. ओळखीपाळखीतून पहिली ऑर्डर येते. तोच ग्राहक पुन्हा मागवत नाही, तेव्हा माल वाईट होता असं गृहीत धरलं जातं. बहुतेक वेळा माल चांगलाच असतो.

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंच्या बाबतीत गेल्या दिवाळीआधी हेच झालं. स्टेटसवर हिरव्यागार बेदाण्याचा फोटो आणि खाली ‘तीन दिवसांत घरपोच’. पुण्याच्या एका ग्राहकाने बुधवारी संध्याकाळी दोन किलोचे पैसे पाठवले. पार्सल मिळालं पुढच्या मंगळवारी. बेदाणा तपकिरीकडे झुकलेला, पाकिटात एकमेकांना चिकटलेला. ‘फोटोत वेगळाच माल होता, फसवलंत,’ असा मेसेज आला.

फोटो खोटा नव्हता, जुना होता. मार्चमध्ये शेडवरून माल उतरला तेव्हा काढलेला. हिरवा बेदाणा थंडाव्यात रंग टिकवतो, पण बाहेर उबेत राहिला की हळूहळू गडद होत जातो. ताईंनी घरी विक्रीसाठी ठेवलेला बॉक्स बरेच आठवडे बाहेर होता, निम्मा माल त्यातला गेला. म्हणून प्रत्येक बॉक्स फोडल्यावर नवा फोटो काढा. सकाळी सावलीत, पांढऱ्या ताटात, फिल्टर न लावता. शेडमधल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवा माल सोनेरी दिसतो, तेव्हा तिथे फोटो नकोच. ताटाशेजारी तारखेची चिठ्ठी ठेवली की ग्राहक निश्चिंत होतो. मूठभर माल अगदी जवळून दाखवा, काड्या आणि बारीक मणी दिसू द्या. आणि खाली लिहा: ‘बाहेर ठेवल्यास रंग गडद होतो, फ्रीजमध्ये ठेवा.’

चिकटपणाचं कारण वेगळं होतं. उरलेला माल गुरुवारी दुपारी कोल्ड स्टोअरेजमधून आणला आणि घाईने लगेच उघडून पाकिटं भरली. थंडगार मण्यांवर बाहेरच्या हवेतलं बाष्प धरतं. तो ओलावा बंद पाकिटात अडकतो, साखर सुटते, मणी चिकटतात, जास्त दिवस राहिला तर बुरशीही येते. बॉक्स न उघडता रात्रभर घरात राहू द्या. सकाळी त्याला हात लावून पाहा, गार लागत नसेल तरच फोडा. भरण्याआधी मूठ घट्ट दाबून सोडा. मणी सुटे झाले तर भरायला हरकत नाही, गोळा तसाच राहिला तर कोरड्या जागी पसरून थांबा.

आता ‘तीन दिवस’. गुरुवारी पाकिटं भरेपर्यंत कुरिअरवाला येऊन गेला होता. शुक्रवारी पार्सल निघालं, शनिवारी पुण्याच्या गोदामात पोचलं, रविवारी सुट्टी, सोमवारी ग्राहक घरी नव्हता. कुरिअरकडून काहीच चुकलं नाही. ताईंनी दिवस मोजताना प्रवास तेवढा धरला, माल बाहेर काढणं आणि निवडणं धरलंच नाही.

याला आठवड्याचा एकच पाठवणीचा दिवस ठरवणं हा खरा उपाय. रविवार रात्रीपर्यंत ऑर्डर घ्या, सोमवारी बॉक्स आणा, मंगळवारी सकाळी निवडून भरा, दुपारी पाठवा. म्हणजे एक दिवस उशीर झाला तरी पार्सल रविवारी अडकत नाही. मेसेज असा असावा: ‘मंगळवारी पाठवतो, पुण्यात साधारण गुरुवार-शुक्रवारी मिळेल. पावतीचा फोटो त्याच दिवशी पाठवतो.’ पाठवायची तारीख तुमच्या हातात आहे, तिची हमी द्या. पोचायची नाही, तिचा अंदाजच सांगा.

पैसे आले की नाही हे मात्र ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून ठरवू नका, स्वतःच्या बँक खात्यात जमा पाहूनच माल बांधा.

विश्वासाला सगळ्यात मोठा तडा ‘केमिकल फ्री’ या दोन शब्दांनी जातो. आपल्याकडे द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून रॅकवर टाकण्याआधी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. पिवळ्या मालाला बऱ्याचदा गंधकाची धुरीही देतात. ही रीतसर पद्धत आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण ती केली असताना ‘काहीच वापरत नाही’ म्हणणं खोटं आहे. काहींना गंधकाचा त्रास होतो, दमेकऱ्यांना विशेष, म्हणून धुरी दिलेल्या मालाच्या लेबलवर ते स्पष्ट लिहायलाच हवं. जोडीला निव्वळ वजन, भरल्याची तारीख, बॅच क्रमांक, तुमचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक. बॅच क्रमांक असेल तर तक्रार आल्यावर तो माल कुठल्या बॉक्समधला होता हे लगेच सापडतं.

त्या ग्राहकाला काय उत्तर द्यायचं? ताईंनी आधी ‘माल चांगलाच होता’ असं लिहिलं आणि वाद वाढला. नंतर त्यांनी पाकिटाचा फोटो मागवला, फोटो जुना होता आणि ओलावा कसा धरला हे सरळ सांगितलं, आणि पुढच्या मंगळवारी दुसरे दोन किलो स्वखर्चाने पाठवले. सोबत त्या दिवशीच्या ताटाचा, तारखेसकट, फोटो.