आईला एअरपोर्टवर सोडताना-आणताना गाडीची धावपळ कशी थांबली (माझा अनुभव)

आईचे गुडघे गेलेत, आणि टर्मिनलसमोरच्या लेनमध्ये गाडी दोन मिनिटं जास्त थांबली की शिट्टी वाजते, पण आईला उतरायलाच तेवढा वेळ लागतो.

आता तिकीट काढतानाच व्हीलचेअर टाकते, निदान ४८ तास आधी. तिथे कोड असतात, WCHR म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, WCHS म्हणजे जिनाही जमत नाही. आईसाठी WCHS, कारण विमानाला शिडी लागली तर रॅम्प किंवा लिफ्टची सोय व्हायला हवी.

सोडायला जाताना लेनमध्ये थांबतच नाही, सरळ पार्किंगमध्ये, लिफ्टजवळची जागा बघून. मग भाऊ आत जाऊन एअरलाईनच्या माणसाला खुर्चीसकट घेऊन येतो, तोवर आई गाडीतच बसलेली, एसी चालू. पार्किंगपर्यंत यायला सगळेच तयार होत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं.

आणायचं गणित वेगळं. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात, त्यात बॅगा, म्हणजे लँडिंगनंतर अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेव्हा "उतरलं" मेसेज आला म्हणून गाडी हलवायची नाही. मी अरायव्हल गेटला उभी राहते, आई आणि बॅगा दोन्ही बाहेर दिसल्या की मगच भावाला फोन करते, तो पार्किंगमधून निघतो.

पुढची सीट पूर्ण मागे सरकवलेली असते. आई आधी पाठमोरी बसते, मग पाय आत घेते.